पेमेंट अ‍ॅपचं चित्र: काँटेक्स्टमध्ये काय, कंटेनरमध्ये काय? (सदतीस चौकोनांची गोष्ट)

घाटकोपरकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

पवईत एका छोट्या पेमेंट कंपनीत काम करतो. आमचं अ‍ॅप यूपीआयवर चालतं: ग्राहक दुकानात क्यूआर स्कॅन करतो, पैसे देतो, दुकानदाराला सूचना जाते. आम्ही स्वतः बँक नाही. एक बँक आमची पीएसपी आहे, तिच्यामार्फत आम्ही यूपीआयला जोडलेले आहोत.

गेल्या महिन्यात त्या बँकेच्या सुरक्षा टीमपुढे आमच्या सिस्टीमचं चित्र ठेवायचं होतं. सिस्टीम आधी दुरून, मग जवळून अशा पातळ्यांत दाखवणाऱ्या सी-फोर पद्धतीने काढलेलं, म्हणजे निदान आमची तशी समजूत होती. पहिलंच पान 'काँटेक्स्ट' म्हणून उघडलं. त्यावर ३७ चौकोन! ग्राहक, दुकानदार, रेडिस, काफ्का, यूपीआय चालवणारी एनपीसीआय, लॉगिन सर्व्हिस, एसएमएसवाले, तीन डेटाबेस, सगळं एकाच पानावर. समोरच्या बाईंनी दोनेक मिनिटं शांतपणे बघितलं आणि एका बाणावर बोट ठेवलं. मोबाइल अ‍ॅपकडून आमच्या सर्व्हरकडे जाणारा बाण, त्यावर आमच्याच कोणीतरी लिहिलेलं: 'यूपीआय पिन'.

"तुमच्या सर्व्हरवर पिन येतो?"

येत नाही. पण चित्र म्हणत होतं की येतो. पुढची चाळीस मिनिटं तेवढ्यावरच गेली आणि बैठक पुढे ढकलली गेली. मला फार लागलं ते. काम बरोबर केलंय आणि चित्रामुळे खोटे ठरलो.

आता सगळं नव्याने काढतोय. दोनच पानं करायची आहेत: काँटेक्स्ट, म्हणजे आपली सिस्टीम आणि तिच्या भोवतालचे, आणि कंटेनर, म्हणजे तिच्या आतले भाग. अडलोय तो इथे: कुठला तपशील कुठल्या पानावर? एनपीसीआय पहिल्या पानावर हवी का? पिन घेणारी कॉमन लायब्ररी चौकोन म्हणून दाखवायची का? निरोप वाहणारा काफ्का कुठे? ज्यांनी हे हाताने केलंय त्यांनी कृपया सांगावं.

---

निखिल_ऐरोली

कंटेनर व्ह्यू सोपा आहे हो. जे जे डॉकरमध्ये चालतं ते कंटेनर. आमच्याकडे कुबरनेटिसच्या मॅनिफेस्ट फायलींमधूनच चित्र तयार होतं, हाताने काढायची गरज नाही. पॉड मोजा, तेवढे चौकोन. चित्र कधी जुनं पडत नाही.

काँटेक्स्टबद्दल: एनपीसीआय हवीच. यूपीआयचं अ‍ॅप आणि एनपीसीआय नाही असं कसं? तुमच्या एपीआयपासून एनपीसीआयला बाण, त्यावर `ReqPay` लिहा, झालं.

---

सायली_म

मी टेस्टिंगमध्ये आहे, मला याच प्रश्नाचं उत्तर हवंय. निखिल, मोबाइल अ‍ॅप डॉकरमध्ये चालत नाही, मग ते तुमच्या चित्रात येतच नाही का?

---

निखिल_ऐरोली

हम्म. आमच्या चित्रात ते 'क्लायंट' म्हणून वेगळं काढलंय. पण मुद्दा बरोबर आहे.

---

अरुंधती_ठाणे

घाटकोपरकर, तुमची बैठक डोळ्यांसमोर उभी राहिली. मी अनेक वर्षं बँकेच्या बाजूने यूपीआय स्विच सांभाळला, आता आर्किटेक्चर बघते. म्हणजे त्या बाईंच्या खुर्चीत बऱ्याचदा बसले आहे. जरा सविस्तर लिहिते.

आधी निखिल यांचं. सी-फोर मांडणाऱ्या सायमन ब्राउन यांनी त्यात 'कंटेनर' शब्द डॉकरवरून घेतलेला नाही. त्यांच्या लेखी कंटेनर म्हणजे सिस्टीम चालायची तर जे स्वतंत्रपणे चालू असावं लागतं ते: एखादं अ‍ॅप्लिकेशन किंवा डेटा साठवायची जागा. त्या हिशेबाने ग्राहकाच्या फोनवरचं अ‍ॅप हा एक कंटेनर, तुमचा पेमेंट एपीआय एक, पोस्टग्रेसमधला व्यवहारांचा डेटाबेस एक. एपीआयचे बारा पॉड चालत असले तरी चौकोन एकच. बारा कुठे, किती, कुठल्या झोनमध्ये, हे डिप्लॉयमेंट व्ह्यूचं काम. लोड बॅलन्सरही तिकडेच.

आता `ReqPay`. इथे निखिल यांची अर्धी गोष्ट बरोबर आहे: पैसे पाठवण्याच्या विनंतीला यूपीआयमध्ये तेच नाव आहे. पण ती विनंती पीएसपी बँकेचा स्विच आणि एनपीसीआय यांच्यामध्ये जाते. घाटकोपरकरांची कंपनी थर्ड पार्टी अ‍ॅपवाली आहे. त्यांचा सर्व्हर बँकेच्या एपीआयशी बोलतो, एनपीसीआयशी थेट नाही. तो थेट बाण काढला तर तुम्ही एक अस्तित्वात नसलेली जोडणी बँकेला दाखवताय, आणि पिनच्या बाणासारखीच पुन्हा चाळीस मिनिटं जातील.

मग एनपीसीआय पहिल्या पानावर असावी का? काँटेक्स्टचा साधा नियम असा की आपली सिस्टीम ज्यांच्याशी थेट बोलते तेवढेच दाखवायचे. त्या नियमाने ती येत नाही. पण माझं मत विचाराल तर पैशाच्या सिस्टीममध्ये मी एक पायरी पुढचं दाखवते, कारण हे पान बघणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, 'पैसे कोणाच्या हातून जातात?' म्हणून: तुमची सिस्टीम, तिथून बाण पीएसपी बँकेच्या स्विचला, तिथून एनपीसीआयच्या यूपीआयला, आणि तिथून 'ग्राहकाची व दुकानदाराची बँक' असा एकच चौकोन. पुढचे हे सगळे करड्या रंगात, म्हणजे आपल्या ताब्यात नाहीत हे दुरूनही कळतं. त्यांच्या आत काय चालतं, याबद्दल एक अक्षरही नको.

---

घाटकोपरकर

ताई, मनापासून आभार. आमच्या जुन्या चित्रात बरोब्बर तोच थेट बाण होता. आणि पिनचं? कॉमन लायब्ररीला वेगळा चौकोन दिला तर 'पिन इथे घेतला जातो' असं स्पष्ट दिसेल, असं आमच्या टीमला वाटतंय.

---

परळचा_दुकानदार

नमस्कार. माझं परळला हार्डवेअरचं दुकान आहे. धाग्याचं नाव बघून आलो. अ‍ॅपवाले इथे आहेत म्हणून विचारतो. गेल्या शनिवारी संध्याकाळी एका गिऱ्हाईकाने १,२४० रुपये पाठवले. त्याच्या खात्यातून गेले, मेसेज दाखवला मला. माझ्या स्पीकरवर आवाज आला नाही, खात्यातही नाही. तो म्हणतो दिले, मी म्हणतो आले नाहीत. शेवटी सामान ठेवून गेला. हे पैसे मधे कुठे असतात? आणि परत कधी येतात? तुमच्या चित्रात हे कुठे दिसतं का?

---

अरुंधती_ठाणे

दादा, तुमचा प्रश्न वेगळा वाटला तरी धाग्याच्या पोटातलाच आहे.

ग्राहकाच्या बँकेने खात्यातून रक्कम वजा केली आणि तुमच्या बँकेकडून 'जमा केली' हे उत्तर वेळेत आलं नाही, तर व्यवहार लटकतो. पैसे अ‍ॅपवाल्यांकडे नसतात, बँकांच्या आपसातल्या हिशेबात असतात. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकाप्रमाणे दुकानदाराला दिलेले यूपीआय पैसे असे अडकले तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत परत व्हायला हवेत. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला द्यावी लागते. माणसामाणसांतल्या व्यवहाराला ही मुदत १ दिवसाची आहे. कधीकधी उलटंही होतं: पैसे तुमच्या खात्यात जमा झालेले असतात आणि फक्त उत्तर परत येताना हरवलेलं असतं. म्हणून त्या दिवसाचं खात्याचं स्टेटमेंट एकदा नीट बघा. आणि गिऱ्हाईकाला सांगा, व्यवहाराचा १२ आकडी संदर्भ क्रमांक, म्हणजे आरआरएन, जपून ठेव, बँक त्यावरूनच शोधते.

घाटकोपरकर, बघा, 'हे चित्रात कुठे दिसतं' असं दादांनी विचारलंय. काँटेक्स्टवर उत्तर दिसायला हवं: पैसे तुमच्या चौकोनातून जात नाहीत, तुमच्या चौकोनातून फक्त सूचना जाते आणि उत्तर येतं. बाणावर नुसतं 'पेमेंट' लिहिलंत तर वाचणाऱ्याला पैसेच तुमच्याकडून गेल्यासारखे वाटतात. 'पैसे देण्याची सूचना पाठवते व स्थिती विचारते' असं लिहा. मोठं वाटेल, पण त्या पानावर बाण सातआठच आहेत, जागा आहे.

---

परळचा_दुकानदार

धन्यवाद ताई. स्टेटमेंट बघतो. त्या गिऱ्हाईकाचा नंबर आहे माझ्याकडे, आरआरएन मागवतो.

---

वि_दा

मी अंतर्गत ऑडिटमध्ये आहे, तंत्रज्ञ नाही. माझा अनुभव घाटकोपरकरांच्या उलट आहे. मला देतात ती चित्रं इतकी मोघम असतात की काही तपासताच येत नाही. एक ढग, एक फोन, मधे बाण. त्यामुळे 'काँटेक्स्टवर कमी दाखवा' हे ऐकलं की मला धास्ती वाटते. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०१८च्या आदेशानुसार पेमेंटचा डेटा भारतातच साठवायचा असतो. हे पहिल्याच पानावर असायला नको का?

---

अरुंधती_ठाणे

वि_दा, धास्ती रास्त आहे. पण एक प्रश्न तीन तुकड्यांत मोडतो आणि तीन पानांवर जातो. पेमेंटचा डेटा बाहेरच्या कोणाला दिला जातो का, हे काँटेक्स्टवर: समजा ग्राहकाशी चॅट करणारी एखादी बाहेरची सेवा वापरताय आणि तिला व्यवहाराचा तपशील जातो, तर तो बाण तिथे दिसलाच पाहिजे. आपल्याकडच्या कोणत्या साठ्यात तो डेटा राहतो, हे कंटेनरवर. तो साठा मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये आहे की सिंगापूरला, त्याची बॅकअप प्रत कुठे जाते, हे डिप्लॉयमेंटवर. पहिल्या पानावर 'डेटा भारतात' असा शिक्का मारलात तर ते फक्त वचन झालं. ऑडिटरने वचन बघायचं नसतं, साठ्याचं नाव आणि जागा बघायची असते.

आता कॉमन लायब्ररी. माझं उत्तर: कंटेनर व्ह्यूवर तिला चौकोन नको.

कारण ती अ‍ॅपच्या पोटात, अ‍ॅपच्याच बिल्डमध्ये जाते. अ‍ॅप बंद झालं आणि लायब्ररी चालू राहिली असं होत नाही. जावाची जार असो की आयओएसमधलं फ्रेमवर्क, नुसती लायब्ररी कंटेनर होत नाही. तिची जागा पुढच्या पातळीवर, म्हणजे मोबाइल अ‍ॅपच्या आतले कंपोनंट दाखवाल तिथे.

पण बँकेला जे कळायला हवं ते कंटेनर व्ह्यूवर कळलं पाहिजे, आणि ते कळवण्याचं काम बाणाचं आहे. पिनचा पडदा एनपीसीआयच्या लायब्ररीचा असतो. ग्राहक आकडे दाबतो ते तुमच्या कोडला दिसत नाहीत. लायब्ररी पिन एनपीसीआयच्या सार्वजनिक किल्लीने बंद करून तुमच्या अ‍ॅपच्या हातात एक बंद पुडकं देते. ते पुडकं तुमच्या सर्व्हरवरून, बँकेच्या स्विचवरून तसंच बंद पुढे जातं. एनपीसीआय ते उघडून ग्राहकाच्या बँकेच्या किल्लीने पुन्हा बंद करते आणि पिन बरोबर की चूक हे ग्राहकाची बँकच ठरवते.

म्हणजे तुमच्या त्या बदनाम बाणावर दोन शब्द कमी होते. 'यूपीआय पिन' ऐवजी 'कूटबद्ध पिन पुडकं, आम्हाला उघडता येत नाही'. आणि मोबाइल अ‍ॅपच्या चौकोनातल्या वर्णनात एक ओळ: 'पिन एनपीसीआय कॉमन लायब्ररीमार्फत घेतला जातो.' इतकं लिहिलं असतं तर त्या बाईंचं बोट पुढच्या बाणावर गेलं असतं.

---

निखिल_ऐरोली

डॉकरचा मुद्दा मान्य, मी चुकीचं धरून चाललो होतो. पण मॅनिफेस्टवरून चित्र काढण्याची एक बाजू अजूनही मांडतो, कारण आम्ही त्याची किंमत मोजली आहे.

आधीच्या कंपनीत (नाव नको) कंटेनर व्ह्यू हाताने काढलेला, भिंतीवर लावलेला, देखणा. त्यात 'पेमेंट सर्व्हिस' असा एक चौकोन. त्याच्या आत कोणीतरी हौसेने नऊ छोटे चौकोन काढलेले: व्हॅलिडेटर, राउटर, मर्यादा तपासणी वगैरे. आता प्रत्यक्ष काय होतं? व्यवहाराचं उत्तर वेळेत आलं नाही की तो 'प्रलंबित' म्हणून डेटाबेसमध्ये राहायचा आणि एक वेगळा प्रोसेस दर थोड्या वेळाने प्रलंबित ओळी उचलून बँकेला स्थिती विचारायचा. हा प्रोसेस त्याच रिपॉझिटरीतला, पण वेगळा चालणारा, वेगळा डिप्लॉय होणारा. चित्रात तो नव्हता. नऊ छोट्या चौकोनांत 'स्टेटस चेकर' म्हणून एक नाव होतं, बस.

एका शुक्रवारी रात्री तो मेला. मेमरी संपली, पुन्हा उठला, पुन्हा मेला. पेमेंट एपीआय ठणठणीत. डॅशबोर्ड हिरवा. नवे व्यवहार जात होते. फक्त जे लटकत होते ते लटकलेलेच राहत होते. सपोर्टला फोन सुरू झाले, 'पैसे गेले, अ‍ॅपमध्ये अजून गोल फिरतंय'. ड्युटीवरचा मुलगा नवीन होता. त्याने भिंतीवरचं चित्र बघितलं: पेमेंट सर्व्हिस, एकच चौकोन, आणि तो चालू. त्याने निष्कर्ष काढला, बँकेकडेच अडलंय. दोन तास बँकेशी फोनाफोनी. बँक म्हणत होती, तुमच्याकडून स्थितीची विनंतीच येत नाहीये. पहाटे कोणीतरी प्रोसेसची यादी काढली तेव्हा कळलं.

म्हणून मी पॉडवरून चित्र काढतो. त्यात निदान असा प्रोसेस लपत नाही.

---

सायली_म

बापरे. आणि टेस्टिंगमध्येही आम्ही नेहमी एपीआय पाडून बघतो. 'फक्त चेकर पाडून बघू' हे कोणाला सुचलंच नसतं, कारण तो चित्रात नाही.

---

अरुंधती_ठाणे

निखिल, हे उदाहरण लाखाचं आहे, आणि माझ्या मते ते कंटेनर व्ह्यूच्या बाजूने आहे. त्या चित्रात एकाच वेळी दोन चुका होत्या. नऊ कंपोनंट एक पातळी वर आणले, त्यामुळे चित्र भरलेलं वाटलं. आणि खराखुरा वेगळा चालणारा प्रोसेस त्या नवांत ढकलला, त्यामुळे तो आत दडला. चौकोन जास्त आणि माहिती कमी, ते असं होतं.

मी टीमला प्रत्येक चौकोनावर एकच प्रश्न विचारायला लावते: हा एकटा मरू शकतो का, बाकी सगळं चालू असताना? मरू शकत असेल तर कंटेनर व्ह्यूवर त्याचा स्वतःचा चौकोन. मरू शकत नसेल, तो मेला म्हणजे सोबत दुसरंही काही मेलंच, तर तो त्या दुसऱ्याच्या आतला. व्हॅलिडेटर एकटा मरत नाही. स्थिती तपासनीस मरतो. कॉमन लायब्ररी मरत नाही. डेटाबेस मरतो.

तपासनिसाच्या बाणावर थोडं जास्त लिहायला हरकत नाही. प्रलंबित व्यवहाराची स्थिती किती वेळाने आणि किती वेळा विचारायची यावर एनपीसीआयची बंधनं आहेत, मनाला येईल तितक्यांदा विचारता येत नाही. आकडे बदलत राहतात म्हणून ते चित्रात नकोत, पण 'ठरलेल्या मर्यादेत स्थिती विचारतो' इतकं असावं. मग कोणी उत्साहाने त्याचा वेग वाढवायला गेला तर निदान थबकेल.

---

सायली_म

ताई, काफ्का राहिला. तो एकटा मरू शकतो. मग एक चौकोन, आणि सगळ्यांचे बाण त्याच्याकडे?

---

अरुंधती_ठाणे

तसं काढलं की मधे एक कोळी आणि भोवती जाळं होतं. कोण कोणाशी बोलतंय ते कळेनासं होतं, सगळे काफ्काशी बोलतात एवढंच दिसतं. ब्राउन यांचाही सल्ला असाच आहे की अख्ख्या ब्रोकरऐवजी एकेक टॉपिक किंवा रांग कंटेनर म्हणून दाखवा. तुमच्याकडे 'व्यवहार पूर्ण झाला' असा टॉपिक असेल: पेमेंट एपीआय त्यात लिहितो, दुकानदाराला सूचना देणारा प्रोसेस त्यातून वाचतो. मग परळच्या दादांचा स्पीकर का बोलला नाही, हे शोधायला बोट फिरवता येतं: ओळ डेटाबेसमध्ये 'पूर्ण' झाली का, टॉपिकमध्ये निरोप गेला का, सूचनावाल्याने तो उचलला का.

टॉपिक चाळीस असतील तर मात्र हे चालत नाही. तेव्हा मी पैशाच्या वाटेवरचे चारपाच दाखवते आणि बाकीच्यांसाठी वेगळा कंटेनर व्ह्यू काढते. एकाच सिस्टीमचे दोन कंटेनर व्ह्यू असायला काहीच हरकत नाही.

---

घाटकोपरकर

काल रात्री बसून पहिला खर्डा केला. स्ट्रक्चरायझरमध्ये लिहिला, म्हणजे दोन्ही पानं एकाच मजकुरातून निघतील. छोटा करून डकवतो:

```
workspace {
  model {
    grahak = person "ग्राहक"
    psp = softwareSystem "पीएसपी बँकेचा स्विच"
    pay = softwareSystem "आमचं पेमेंट अ‍ॅप" {
      mobile = container "मोबाइल अ‍ॅप"
      api = container "पेमेंट एपीआय"
      db = container "व्यवहार नोंदी"
      checker = container "स्थिती तपासनीस"
    }
    grahak -> mobile "क्यूआर स्कॅन करून पैसे देतो"
    mobile -> api "रक्कम, कूटबद्ध पिन पुडकं"
    api -> db "व्यवहार नोंदवतो"
    checker -> db "प्रलंबित नोंदी वाचतो"
    api -> psp "जेसन, एमटीएलएस"
    checker -> psp "स्थिती विचारतो"
  }
  views {
    systemContext pay {
      include *
      autolayout lr
    }
    container pay {
      include *
      autolayout lr
    }
  }
}
```

कंटेनरचं पान छान आलं. पण काँटेक्स्टच्या पानावर बँकेकडे जाणाऱ्या बाणावर 'जेसन, एमटीएलएस' असं आलं. मी तर पहिल्या पानासाठी काहीच लिहिलं नव्हतं! हा तपशील खालून वर आलाच कसा?

---

अरुंधती_ठाणे

हे सगळ्यांना एकदा चावतं. खालच्या पातळीवर `api -> psp` लिहिलंत की स्ट्रक्चरायझर वरच्या पातळीवर `pay -> psp` असा बाण आपणहून धरतो आणि तुमचेच शब्द त्यावर चढवतो. उपाय सोपा आहे. वरच्या पातळीचा बाण स्वतः लिहा, आणि खालच्या बाणांच्या आधी लिहा:

```
grahak -> pay "दुकानात पैसे देतो"
pay -> psp "पैसे देण्याची सूचना पाठवते व स्थिती विचारते"
```

आधी लिहिलेला बाण असला की तो स्वतःचा वेगळा बाण तयार करत नाही. क्रम उलटा झाला तर मात्र दोन बाण दिसू शकतात, म्हणून या ओळी मॉडेलमधल्या बाणांच्या अगदी वर ठेवा.

आणि या निमित्ताने एक चांगली सवय लागते. एकाच नात्याचं वाक्य तुम्ही दोनदा, दोन वेगळ्या वाचकांसाठी लिहिता. वरचं वाक्य त्या बँकेतल्या बाईंना आणि वि_दांना, खालचं निखिलच्या त्या ड्युटीवरच्या मुलाला. 'जेसन, एमटीएलएस' हे खाली बरोबरच आहे, पण तिथेही आधी काय जातं ते लिहा, मग कसं. चित्रात दुकानदार राहिलाय, तेवढा घाला. आणि ग्राहकाच्या तक्रारी बघणारी सपोर्टची माणसंसुद्धा. ती तुमच्याच पगारावर असली तरी सिस्टीम वापरणारी माणसं आहेत.

---

वि_दा

माझी शंका अजून पूर्ण फिटलेली नाही. काँटेक्स्टवर बँकेचा चौकोन करडा, म्हणजे 'आमच्या ताब्यात नाही'. पण मी असे करार पाहिलेत जिथे बँकेच्या स्विचच्या पुढचा एक भाग अ‍ॅप कंपनीच लिहिते आणि तीच चालवते, फक्त यंत्रं बँकेच्या डेटा सेंटरमध्ये, बँकेच्या नावावर. तो भाग कोणाचा? मशीन कोणाचं ते बघायचं, कोड कोणाचा ते, की जबाबदारी कोणाची ते?

---

घाटकोपरकर

वि_दा, आमच्याकडे अगदी हेच आहे, म्हणून धस्स झालं. एक अ‍ॅडॉप्टर आमच्या मुलांनी लिहिलाय, तो बँकेच्या नेटवर्कमध्ये बसतो. रात्री बंद पडला तर फोन आम्हालाच येतो, पण त्या यंत्रावर लॉगिन करायला बँकेची परवानगी लागते.

---

अरुंधती_ठाणे

मी तो तुमच्या सीमेच्या आत काढेन. कोड तुमचा, फोन तुम्हाला, तर चौकोन तुमचा. यंत्र बँकेत आहे हे डिप्लॉयमेंटवर दाखवा.

---

निखिल_ऐरोली

मी नाही. परवानगीशिवाय हात लावता येत नसेल तर संकटाच्या वेळी तो तुमचा नसतोच. त्या पहाटे आमची जी दोन तास फोनाफोनी झाली, त्यात असा एखादा अडथळा असता तर सकाळ झाली असती. मी तो बाहेर काढेन आणि बाणावर लिहेन, 'कोड आमचा, प्रवेश बँकेच्या परवानगीने'.

---

अरुंधती_ठाणे

निखिल, तुमच्या पद्धतीने काढलं तर ऑडिटमध्ये तो अ‍ॅडॉप्टर बँकेच्या यादीत शोधला जाईल आणि बँकेच्या यादीत तो 'विक्रेत्याचा' म्हणून असेल. दोन्हीकडून सुटेल. मी असं झालेलं पाहिलंय. पण परवानगीचा मुद्दा खरा आहे, तो माझ्या चित्रात कुठेच दिसत नाही, हेही कबूल.

---

वि_दा

ऑडिटर म्हणून मला अरुंधतीताईंचं पटतं. ड्युटीवरच्या मुलाच्या जागी असतो तर निखिलचं पटलं असतं.

---

घाटकोपरकर

तूर्तास आत ठेवतोय, आणि चौकोनाच्या वर्णनात परवानगीची ओळ घालतोय. बँकेबरोबरची बैठक पुढच्या गुरुवारी बीकेसीत आहे. काँटेक्स्टवर आता नऊ चौकोन आहेत, कंटेनरवर अकरा. त्या बाईंना हा अ‍ॅडॉप्टरचा प्रश्न मी स्वतःच आधी विचारणार आहे, त्या काय म्हणतात ते इथे येऊन लिहितो.

---

परळचा_दुकानदार

ताई, स्टेटमेंट बघितलं. १,२४० शनिवारीच रात्री ८:५२ला जमा झालेत. आवाज तेवढा आला नव्हता. गिऱ्हाईकाला फोन केला, उद्या सामान न्यायला येतोय.

---

सायली_म

म्हणजे दादांच्या बाबतीत टॉपिकच्या पुढे कुठेतरी अडलं. सूचनावाला किंवा स्पीकरचं सिम. घाटकोपरकर, तुमच्या अकरा चौकोनांत स्पीकर आहे का?

---

घाटकोपरकर

नाही. स्पीकर दुसऱ्या कंपनीकडून येतो, त्यातलं सॉफ्टवेअर त्यांचं. म्हणजे काँटेक्स्टवर दहावा चौकोन, करडा. घालतो.